आपल्या जागी एक, इतर जागी शून्य

ब्रह्मगुप्ताने ६६५ साली लिहिलेल्या ‘खंडखाद्यक’ या ग्रंथात ज्यांचे एक छोटेसे कोष्टक आहे. ज्या म्हणजे आज आपण ज्याला साइन म्हणतो तेच, फक्त वर्तुळाची त्रिज्या १ न धरता १५० धरलेली. कोष्टकातले कोन पंधरा-पंधरा अंशांनी वाढत जातात आणि नोंदी फक्त सहा आहेत: १५ अंशांची ज्या ३९, ३० अंशांची ७५, ४५ ची १०६, ६० ची १३०, ७५ ची १४५ आणि ९० ची १५०. पंचांग मांडणाऱ्याला एवढे पाठ करणे सहज जमे. पण ग्रह काही पंधरा अंशांच्या टप्प्यांवर थांबत नाहीत. कोन ४० अंशांचा निघाला तर काय करायचे?

पहिला उपाय कुणालाही सुचेल. ३० ते ४५ या पंधरा अंशांत ज्या ७५ वरून १०६ वर जाते, म्हणजे ३१ ने वाढते. आपण त्यातले दहा अंश पुढे आलो, तर वाढीचा दोन-तृतीयांश घ्यायचा. उत्तर येते ९५.६७. खरी किंमत ९६.४२ आहे. पाऊण एककाची चूक झाली, कारण आपण दोन बिंदू सरळ रेषेने जोडले आणि ज्येचा आलेख तर वर फुगलेला असतो.

मग तिसरा बिंदू सोबत घ्यावा. १५, ३० आणि ४५ या तिन्ही नोंदींतून जाणारी एक वक्ररेषा काढावी आणि ती ४० पाशी किती उंच आहे ते पाहावे. तीन बिंदूंतून जाणारी सर्वांत साधी वक्ररेषा म्हणजे द्विघाती बहुपदी, तिचा आलेख अन्वस्ताचा असतो. शाळेच्या पद्धतीने ती शोधायची तर अ + बक्ष + कक्ष² असे गृहीत धरून तीन समीकरणे लिहायची आणि सोडवायची. उत्तर बरोबर येते, पण कोष्टकातली एक नोंद जरी बदलली तरी सगळी समीकरणे पुन्हा सोडवावी लागतात. बिंदू दहा असले तर दहा समीकरणे. शिवाय कोणत्या नोंदीचा उत्तरावर किती परिणाम झाला हे त्या गिचमिडीत कुठेच दिसत नाही.

ज्या रीतीविषयी मला सांगायचे आहे ती या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घालते. तिन्ही बिंदूंतून जाणारी बहुपदी एकदम शोधायचीच नाही. आधी तीन सोप्या बहुपदी बनवायच्या, प्रत्येक नोंदीसाठी एक. प्रत्येकीला एवढेच काम: आपल्या बिंदूपाशी किंमत १ आणि बाकीच्या दोन्ही बिंदूंपाशी ०. घरातल्या विजेच्या फळीवर प्रत्येक बटण आपलाच दिवा लावते, दुसऱ्या खोलीतल्या दिव्याला हात लावत नाही, तसे. यांना आधार बहुपदी म्हणू.

अशी बहुपदी बनवायला समीकरणे सोडवावी लागत नाहीत, ती पाहता पाहता लिहिता येते. १५ अंशांची आधार बहुपदी हवी आहे, म्हणजे ती ३० आणि ४५ पाशी शून्य झाली पाहिजे. (क्ष − ३०)(क्ष − ४५) हा गुणाकार घेतला की काम झाले, कारण त्या दोन्ही जागी एक ना एक कंस शून्य होतोच. आता हाच गुणाकार १५ पाशी किती होतो ते पाहू: (−१५) × (−३०) = ४५०. आपल्याला तिथे १ हवा आहे, म्हणून सगळ्याला ४५० ने भागायचे. तीच कृती इतर दोन बिंदूंसाठी केली की तिन्ही बहुपदी तयार होतात:

१५ साठी: (क्ष − ३०)(क्ष − ४५) ÷ ४५०
३० साठी: (क्ष − १५)(क्ष − ४५) ÷ (−२२५)
४५ साठी: (क्ष − १५)(क्ष − ३०) ÷ ४५०

पहिलीला ३९ ने, दुसरीला ७५ ने आणि तिसरीला १०६ ने गुणून बेरीज केली की हवी ती बहुपदी मिळाली. ती तिन्ही नोंदींतून जाते हे तपासायलाही गणित करावे लागत नाही. क्ष च्या जागी ३० घाला: पहिली आणि तिसरी शून्य होतात, दुसरी १ होते, आणि हाती उरतात ते नेमके ७५.

आता ४० अंश घालू. पहिली बहुपदी होते १० × (−५) ÷ ४५०, म्हणजे −१/९. दुसरी २५ × (−५) ÷ (−२२५), म्हणजे ५/९. तिसरी २५ × १० ÷ ४५०, म्हणजे पुन्हा ५/९. या तीन अपूर्णांकांना आपण भारांक म्हणू, कारण ४० अंशांच्या उत्तरात कोणत्या नोंदीचे वजन किती, हेच ते सांगतात. उत्तर असे: (−३९ + ५ × ७५ + ५ × १०६) ÷ ९ = ८६६ ÷ ९ = ९६.२२. चूक पाऊण एककावरून पाचव्या हिश्शावर आली.

या भारांकांकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण या रीतीचे सगळे मर्म त्यांच्यात आहे. ते काढताना ३९, ७५, १०६ यांपैकी एकही आकडा आपण वापरला नाही. फक्त १५, ३०, ४५ या जागा आणि ४० ही जागा एवढेच वापरले. म्हणजे नोंदी कोणत्याही असोत, जागा त्याच असतील तर भारांकही तेच राहतात. याचा पडताळा लगेच घेता येतो. ४० अंशांची कोटिज्या, म्हणजे कोसाइन, हवी असेल तर त्याच कोष्टकातून १५ ची कोटिज्या १४५, ३० ची १३० आणि ४५ ची १०६ मिळते. भारांक तेच: (−१४५ + ५ × १३० + ५ × १०६) ÷ ९ = ११५. खरी किंमत ११४.९१. नवी बहुपदी शोधावी लागली नाही, फक्त एक बेरीज करावी लागली.

भारांक बरोबर काढले की नाही हे तपासायच्या दोन खुणा आहेत. त्यांची बेरीज नेहमी १ आली पाहिजे; इथे −१ + ५ + ५ = ९, भागिले ९. कारण उघड आहे: तिन्ही नोंदी सारख्याच असत्या तर मधली किंमतही तीच यायला हवी. दुसरी खूण, भारांकांनी कोनांनाच गुणून बेरीज केली तर ४० परत मिळाले पाहिजेत: (−१५ + १५० + २२५) ÷ ९ = ४०. हाताने आकडेमोड करताना चिन्हाची चूक फार सहज होते. या दोन खुणांतून ती सहसा निसटत नाही.

ब्रह्मगुप्ताने स्वतः काय केले होते, तेही याच उदाहरणात पाहता येते. सरळ प्रमाणाने उत्तर कमी पडते हे त्याला माहीत होते आणि त्याने दुरुस्तीचा नियम दिला होता. मागे टाकलेला खंड, म्हणजे १५ ते ३० मधली वाढ, ३६ आहे. पुढचा खंड ३१. दोन्हींच्या बेरजेचे अर्ध ३३.५ आणि फरकाचे अर्ध २.५. ४० अंशांपर्यंत उरलेले दहा अंश म्हणजे ६०० कला, आणि एक खंड ९०० कलांचा. २.५ ला ६०० ने गुणून ९०० ने भागले की १.६७ येतात. ते ३३.५ मधून वजा करून ३१.८३ हा सुधारलेला खंड मिळतो. त्याचा दोन-तृतीयांश २१.२२, आणि त्यात ७५ मिळवले की ९६.२२.

हे अगदी आपलेच उत्तर आहे, आणि ते तसेच यायला हवे होते. एकाच तीन बिंदूंतून जाणाऱ्या दोन वेगळ्या द्विघाती बहुपदी असू शकत नाहीत. असत्या, तर त्यांची वजाबाकीही जास्तीत जास्त द्विघातीच राहिली असती आणि तरी तीन ठिकाणी शून्य झाली असती. पण द्विघाती बहुपदी शून्य नसेल तर तिला दोनहून जास्त मुळे नसतात. म्हणून ब्रह्मगुप्ताचा नियम आणि आधार बहुपदींची बेरीज या एकाच अन्वस्तावर नेणाऱ्या दोन वाटा आहेत. ब्रह्मगुप्ताची वाट समान अंतरांवरच्या तीन नोंदींसाठी आहे. आधार बहुपदींची रीत कितीही नोंदींना आणि कशाही विखुरलेल्या जागांना चालते. ती १७७९ मध्ये केंब्रिजच्या एडवर्ड वेअरिंगने छापली. जोसेफ-लुई लाग्रांजने १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमधल्या व्याख्यानांत ती मांडली आणि पुढे तिला लाग्रांजचेच नाव पडले. वेअरिंगवर हा अन्यायच म्हटला पाहिजे.

आता हीच बहुपदी तिच्या हद्दीबाहेर नेऊन पाहू. तिन्ही बिंदू १५ ते ४५ च्या आत आहेत. तिला ९० अंशांची ज्या विचारू. १५ चा भारांक येतो ६, ३० चा −१५ आणि ४५ चा १०. बेरीज १, पडताळा बरोबर. पण उत्तर येते ६ × ३९ − १५ × ७५ + १० × १०६ = १६९. त्रिज्या १५० असलेल्या वर्तुळात १६९ ची ज्या असूच शकत नाही. इथे खरे उत्तर आपल्याला ठाऊक होते म्हणून चूक पकडता आली. पण ते ठाऊक नसते तरी भारांकांनी आधीच सूचना दिली होती. चिन्हे बाजूला ठेवून भारांकांची बेरीज करा. ४० पाशी ती होती ११/९, म्हणजे सुमारे १.२. ९० पाशी ती ३१ आहे. कोष्टकातली प्रत्येक नोंद पूर्णांकात दिली आहे, म्हणजे तिच्यात अर्ध्या एककापर्यंत चूक असू शकते. ४० पाशी ती चूक फार तर ०.६ होईल, ९० पाशी मात्र साडेपंधरापर्यंत फुगू शकते. मोठे भारांक, त्यातही एकमेकांना छेदणारी अधिक-उणे चिन्हे, म्हणजे उत्तर भरवशाचे नाही. बहुपदीचे चित्र न काढताही हे कळते.

हद्दीत राहिले म्हणजे सुरक्षित, असे मात्र समजू नये. कार्ल रुंग या जर्मन गणितज्ञाने १९०१ मध्ये एक साधे उदाहरण दाखवले. १ ÷ (१ + २५क्ष²) हे सूत्र −१ ते १ या टप्प्यात काढले तर मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारी गुळगुळीत टेकडी दिसते. तिच्यावर ०.२ च्या समान अंतराने अकरा बिंदू घेतले आणि त्यांतून दहा घातांची बहुपदी काढली. ०.९ पाशी टेकडीची उंची फक्त ०.०४७ आहे. बहुपदी तिथे १.५८ दाखवते, टेकडीच्या शिखराहूनही जास्त.

हे का होते ते भारांक काढल्यावर समजते. ०.९ पाशी शिखराच्या बिंदूचा, म्हणजे शून्यावरच्या बिंदूचा, भारांक जवळजवळ ४.९३ आहे. त्याच्या शेजारच्या ०.२ वरच्या बिंदूचा −५.२९. चिन्हे सोडून अकराही भारांकांची बेरीज पंचविसाच्या आसपास जाते. टोकाजवळची किंमत ठरवताना टोकाशेजारच्या बिंदूंचे ऐकायला हवे, पण इथे दूर मधोमध बसलेले बिंदू पाचपाचपट आवाजात बोलत आहेत. आधार बहुपदीने फक्त अकरा जागांपुरतेच वचन दिले आहे, त्या जागांमध्ये ती कितीही उसळू शकते. समान अंतरावरचे बिंदू वाढवत नेले तर हे भारांक आणखी वाढतात, म्हणून जास्त नोंदी घेऊन चूक कमी होण्याऐवजी टोकांपाशी वाढते. दोष अनेकदा बहुपदीचा नसतो, बिंदूंच्या मांडणीचा असतो. रशियन गणितज्ञ चेबिशेवच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी, म्हणजे मध्ये विरळ आणि टोकांकडे दाट बिंदू, घेतली की भारांक आटोक्यात राहतात आणि बिंदू वाढवल्यावर ही टेकडी नीट साधली जाते. बिंदू कुठे घ्यायचे हे आपल्या हाती नसेल, तर मोठ्या घाताच्या मागे न लागता जवळच्या तीन-चार नोंदींपुरतीच बहुपदी वापरावी. ब्रह्मगुप्तानेही दर वेळी जवळच्या नोंदीच वापरल्या होत्या.

आतापर्यंत मधली किंमत अंदाजाने काढायची होती. पण नोंदी मुळातच बहुपदीवरून घेतल्या असतील तर अंदाजाचा प्रश्नच उरत नाही, उत्तर अचूक येते. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये नेमका याचाच उपयोग गुपित वाटून ठेवण्यासाठी केला. समजा एखाद्या संस्थेच्या तिजोरीचा आकडा ४७३१ आहे आणि पाच विश्वस्तांपैकी कोणतेही तिघे एकत्र आले तरच तो कळावा, असे ठरले आहे. तर ४७३१ + २१५क्ष + ३८क्ष² अशी बहुपदी घ्यायची; २१५ आणि ३८ हे मनातले, कुणालाही न सांगितलेले आकडे. क्ष = १ पासून ५ पर्यंतच्या किमती विश्वस्तांना वाटायच्या: ४९८४, ५३१३, ५७१८, ६१९९, ६७५६. मग मूळ बहुपदी फाडून टाकायची. गुपित क्ष = ० पाशी आहे, आणि ते कुणाकडेच नाही.

पहिले तिघे एकत्र आले तर त्यांनी शून्यापाशीचे भारांक काढायचे. पहिल्याचा (−२)(−३) ÷ २ = ३, दुसऱ्याचा −३, तिसऱ्याचा १. गुपित = ३ × ४९८४ − ३ × ५३१३ + ५७१८ = ४७३१. दुसरा, तिसरा आणि चौथा आले तर भारांक ६, −८, ३ आणि उत्तर पुन्हा ४७३१. कोणत्या क्रमांकाचे विश्वस्त बसले आहेत एवढ्यावरून भारांक आधीच ठरतात, त्यासाठी कुणी आपला आकडा उघड करावा लागत नाही.

दोघेच आले तर तिसऱ्याची जागा रिकामी राहते, आणि तिथे जो आकडा मनात धरावा तसे गुपित बदलते. तरीही साध्या पूर्णांकांत एक गळती आहेच. पहिल्या दोघांना ‘गुपित = २ × ४९८४ − ५३१३ + दोनदा ३८’ हे नाते मांडता येते. ३८ त्यांना माहीत नाही, पण दोनदा घेतलेली कोणतीही पूर्ण संख्या सम असते. म्हणून गुपित विषम आहे हे त्यांना कळते आणि निम्मे पर्याय गळून पडतात. हे टाळण्यासाठी शमीर यांनी सगळी आकडेमोड एका मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत केली. ती मूळ संख्या गुपिताहून मोठी घ्यायची आणि मनातले आकडे तिच्याखालच्या सगळ्या संख्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचे. बाकीच्या त्या जगात सम-विषम हा भेद उरत नाही, आणि दोघांच्या माहितीवरून प्रत्येक गुपित सारखेच शक्य राहते.

या रीतीत एक धोका मात्र तसाच राहतो. तिसऱ्या विश्वस्ताने ५७१८ ऐवजी चुकून ५७२८ सांगितले, तर पहिल्या तिघांच्या बेरजेतून ४७४१ येईल, आणि तीन बिंदूंतून अन्वस्त नेहमीच जात असल्यामुळे कुठेही काही बिघडल्यासारखे दिसणार नाही. चौथ्याला बोलावले आणि दुसरा, तिसरा, चौथा अशी बेरीज केली तर ४६५१ येईल, आणि दोन उत्तरे जुळत नाहीत हे उघड होईल. पाचही आले तर चूक नेमकी कुणाची हेही कळते, कारण चुकलेला एक वगळल्यावर उरलेल्या चौघांतले कोणतेही तिघे घेतले तरी उत्तर एकच येते. म्हणून नियमात तिघे पुरेसे असले, तरी तिजोरीला हात लावण्यापूर्वी चौथ्याचा आकडा मागून घ्यावा.